एकास एक

जो माणूस स्वतः पीत नाही त्याच्या हातात बार द्यायचा, हे मला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. पिणारा माणूस निदान कळतो. तो कधी चोरेल, किती चोरेल, कुठं लपून तोंडाला लावेल, याचा अंदाज असतो. न पिणाऱ्याचं काय धरायचं?

मी मंगेश. पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की घाट सुरू व्हायच्या आत उजव्या हाताला एक रिसॉर्ट लागतं, तिथला मी मॅनेजर. त्याआधी एकोणीस वर्षं महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. एकोणीस वर्षांत मी अकरा चोर पकडले. पिंपात पाणी भरणारे, झाकणं बदलणारे, डब्याच्या तळाला भोक पाडून वर लाख लावणारे. ही नोकरी मिळाली तीही त्याच नावावर. आमचे मालक महिपतीशेठ म्हणाले होते, "मंगेश, मला हसणारा मॅनेजर नको, बघणारा पाहिजे." मी बघतो. बायको म्हणते की मी जेवताना आमटीकडेसुद्धा संशयानं बघतो. त्यात काही खोटं नाही.

गेल्या हिवाळ्यात शेठनी दीपकला आणला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात, पंधरावीस घरांची एक वाडी आहे, तिथला हा. वय एकतीस. आठ वर्षं मुंबईत लोअर परळच्या एका मोठ्या बारमध्ये कॉकटेल बनवायचा. आई एकटी पडली म्हणून परत आला. केस नीट, नखं स्वच्छ, बोलणं मऊ. असल्या माणसाला मी जरा जास्तच बारकाईनं बघतो.

"घेतोस का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाय साहेब. आईला शब्द दिलाय. बाबा त्याच्यातच गेले."

"मग चव कशी बघतोस?"

"मापानं चालतं," तो म्हणाला. "आन् शेवटी कुणाची तरी जीभ लागते. मुंबईला आमचे सीनियर होते, ते चाखून सांगायचे. मी त्यांना बोलायचो, तुम्ही फक्त काय लागतंय ते सांगा, काय करायचं ते मी बघतो."

इथं ती जीभ कुणाची, तर माझी. मी शनिवारी एक-दोन घेतो. शेठनी तसं सरळ सांगूनच टाकलं, "मंगेश चाखेल."

शेठना रिसॉर्टसाठी काहीतरी नवीन हवं होतं. रायगड बघून येणारी, महाबळेश्वरला जाणारी पुण्यामुंबईची मंडळी आमच्याकडे थांबतात, आणि सगळीकडे मिळते तीच बिअर आणि तीच व्हिस्की पिऊन जातात. "इथलं म्हणून काहीतरी दे रे," शेठ दीपकला म्हणाले.

दीपकनं काउंटरवर तीन गोष्टी मांडल्या. पांढऱ्या रमची बाटली, कागदी लिंबं आणि साखरेचं पाणी. साखर त्यानं आमच्यासमोरच गरम पाण्यात विरघळवली होती. एक वाटी साखर, एक वाटी पाणी.

"जगातली अर्धी कॉकटेलं ह्या तिघांवर उभी हायत," तो म्हणाला. "दारू, आंबट, गोड. दोन भाग दारू, एक भाग आंबट, एक भाग गोड. याला सावर बोलतात. तिवईसारखं असतं. तीन पाय नीट असले की बसता येतं."

पेग मेजरनं त्यानं साठ मिली रम ओतली, तीस मिली ताजा लिंबाचा रस, तीस मिली साखरेचं पाणी. शेकरमध्ये बर्फ भरून बारा मोजेपर्यंत जोरात हलवलं. "बर्फानं थंड होतं आणि थोडं पाणीपण सुटतं, ते पाणी लागतंच," असं म्हणत गाळून पेल्यात काढलं. शेठनी घेतलं. मी घेतलं. खोटं कशाला बोलू, झकास होतं. आधी लिंबू, मग गोडवा, आणि सगळ्यात शेवटी रमची ऊब घशात.

"आता ह्याच्यातनं नवीन कसं करायचं?" शेठनी विचारलं.

"एका वेळी एकच पाय बदलायचा, माप तेच ठेवायचं," दीपक म्हणाला. "साखरेच्या जागी गूळ टाका, वेगळं ड्रिंक. कागदी लिंबाच्या जागी आमच्या वाडीतलं ईडलिंबू टाका, अजून वेगळं. रम काढून जिन टाका, परत वेगळं. दोन पाय एकदम बदलले की बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळत नाय."

शेठ खूश झाले. पहिलं ड्रिंक गुळाचं करायचं ठरलं. कार्ड छापलं, टेबलाटेबलावर ठेवलं. दीपक शिवथरच्या बाजूच्या एका गुऱ्हाळवाल्याकडून काळसर गूळ घेऊन आला. बारमागं गॅस नाही, त्यामुळं गुळाचा पाक किचनमध्येच करून घ्यायचा होता. त्या दिवशी दीपक महाडला पेले आणायला निघाला होता. जाता जाता जिन्यावरून मला म्हणाला, "साहेब, येसूबाईंना गुळाच्या पाकाचं तेवढं सांगा, एकास एक." किचन आमच्या येसूबाईंचं. मी खिडकीतून त्यांना सांगितलं, त्यांनी मान डोलावली, आणि दुपारपर्यंत दोन बाटल्या गाळलेला पाक काउंटरवर येऊन उभा राहिला.

दीपकनं बाटली तिरकी करून बघितली. "गूळ बराच दाट असतो नाय?" म्हणाला.

"गूळच तो," मी म्हणालो.

त्याच्या हाताखालून आजवर गूळ गेला नव्हता. मुंबईच्या बारमध्ये साखरेचा पाक तयार बाटलीतून यायचा. त्यानं मान हलवली आणि पहिला पेला बनवला. साठ, तीस, तीस. हलवलं, गाळलं, पेला माझ्यापुढं सरकवला.

"कसं लागतंय?"

मी घोट घेतला आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली.

गोड. नुसतं गोड. रम कुठंच नव्हती. लिंबूसुद्धा कुठंतरी तळाला गेलं होतं. ऊन डोक्यावर असताना घरी येऊन प्यावं तसं सरबत.

एखादा साधा माणूस असता तर म्हणाला असता, अरे, गोड झालंय. मी साधा माणूस नाही. शेठसमोर बनवलं तेव्हा रम घशाला लागत होती. आता शेठ नाहीत आणि रम लागत नाही. गोड जास्त झालंय म्हणजे दारू कमी पडली आहे, आणि वरचं पाकानं भरून काढलंय. कारखान्यात पिंपात पाणी घालणाऱ्या रघूची पहिली खूण हीच होती. समोर असताना पूर्ण, पाठ फिरली की कमी.

चोराला लगेच हटकायचं नसतं. त्याला सैल सोडायचं.

"झकास," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. मी मनात म्हटलं, हस बाबा.

त्या दिवसापासून मी कामाला लागलो. रोज दुपारी दीपक जेवायला गेला की मी रमच्या बाटलीच्या लेबलावर पेन्सिलीनं बारीक रेघ मारायचो. भरत वेटर ऑर्डरी घेतो, त्याच्याकडून गुळाची किती ड्रिंकं गेली ते विचारायचो, आणि रेघ किती खाली जायला हवी ते बघायचो. रेघ बरोबर तिथंच जायची. दुसऱ्या दिवशी बरोबर, तिसऱ्या दिवशी बरोबर.

दुसरा कुणी म्हणाला असता, चला, माणूस स्वच्छ आहे. माझा संशय दुप्पट झाला. सगळं इतकं बरोबर लागतंच कसं? म्हणजे हा रम काढून घेतो आणि तेवढंच पाणी बाटलीत घालतो. मी गुपचूप बाटलीतली रम झाकणात घेऊन चाखली. रमसारखीच लागली. मग वाटलं, माझी जीभ आता ह्या सरबतानं बिघडली असणार.

रोज संध्याकाळी पहिला पेला तो माझ्यापुढं ठेवायचा.

"कसं लागतंय साहेब?"

"झकास."

"खरं ना? लिंबू जरा वर-खाली असलं तर सांगा. लिंबं बदलली की आंबटपणा बदलतो. मला कळत नाय, तुम्हालाच कळणार."

"अरे, झकास आहे म्हटलं ना."

तो आपला समाधानानं शेकर धुवायला लागायचा. मी त्याच्या पाठीकडं बघत बसायचो.

गिऱ्हाइकांनी मात्र तोंडं वाकडी करायला सुरुवात केली होती. पुण्याच्या एका बाईंनी अर्धा पेला तसाच ठेवला. महाडच्या कारखान्यातले दोन अधिकारी आले, त्यातला एक भरतवर खेकसला, "ह्यात दारू टाकली आहे का नुसतं पन्हं दिलंस?" त्याला वाटलं यात काहीच नाही, म्हणून त्यानं पाठोपाठ चार रिचवली. जाताना पायरी चुकला आणि कुंडीत बसला. मी भरतला म्हणालो, "कुठंतरी आधीच लावून आला असेल." आता आठवलं की माझं मलाच हसू येतं, आणि मग येत नाही. माणूस माझ्यासमोर कुंडीत बसला होता आणि मी म्हणत होतो की पेल्यात दारू नाही.

आठव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, शेठचा फोन आला. गुळाचं ड्रिंक का खपत नाही?

मी सगळं ओतलं. रोजची चव, पाणी मारल्याचा वहिम, त्याचं ते गोड बोलणं.

"तुझी खात्री आहे?" शेठ म्हणाले.

"एकोणीस वर्षं हेच केलंय शेठ."

"मग आजच काढ. आणि पोलादपुरात, महाडात कुणी हॉटेलवाल्यानं विचारलं तर का काढला ते खरं सांग. पुढच्याला तरी फसवू नये त्यानं."

याचा अर्थ मला नीट माहीत होता. ह्या रस्त्यावर महाडपासून वर घाटापर्यंत जेवढे बारवाले आहेत ते सगळे एकमेकांना ओळखतात. चोर म्हणून निघालेल्या माणसाला इथं कुणी पाण्याचा ग्लास भरायलाही ठेवणार नाही. दीपकला परत मुंबई गाठावी लागली असती आणि म्हातारी वाडीत एकटी राहिली असती. खरं सांगतो, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. बारावा चोर पकडल्याचं बरं वाटलं.

दुपारी तीनला बारमध्ये कुणी नसतं. दीपक पेले पुसत होता. भरत खुर्च्या लावत होता, त्याला मी मुद्दाम थांबवलं. साक्षीदार असलेला बरा.

"दीपक, सामान आवर. आजपासून नको."

त्यानं फडकं खाली ठेवलं. "का साहेब?"

"रम कुठं जाते ते तुला माहीत आहे."

रागावेल, रडेल, पाया पडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "पेन्सिलच्या खुणा मी आठ दिवस बघतोय. वाटलं, नवीन माणूस हाय, बघतायत, बघू देत. कुठली खूण चुकली?"

"खूण चुकली नाही. पाणी मारलंस."

"मारलं असेल तर ते पेल्यात दिसणार," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "साहेब, तीनच वस्तू असतात. तुमीच भरा. मी हात लावत नाय. नवीन बाटली फोडा, लिंबं तुमीच पिळा, माप तुमीच घ्या. तुमच्या हातचं आणि माझ्या हातचं वेगळं लागलं, तर मी चोर. भरत बघतोय."

मला हे आवडलं. चोर स्वतःच सापळ्यात पाय घालत होता. मी स्टोअर उघडून सीलबंद रम आणली, भरतला सील दाखवलं, फोडली. साठ मिली मापली, अगदी काठोकाठ. लिंबं कापली, पिळली, तीस मिली मापली. काउंटरवरच्या बाटलीतून गुळाचा पाक तीस मिली. बर्फ घातला. शेकर हलवताना दीपक मोजत होता, "नऊ, धा, अकरा, बारा. बास."

मी गाळलं आणि घोट घेतला.

गोड. तोच गोडवा, तेच सरबत. रमचा पत्ता नाही. माझ्या हातची रम, मी फोडलेलं सील.

एक क्षण असा आला की मी म्हणू शकलो असतो, आज कडक लागतंय, बघ, फरक कळतोय. कुणाला कळणार होतं? दीपक पीत नाही. भरतला मी सांगेन तसं ऐकायला लागतं. मला तो मोह झाला, ते मी लपवत नाही. पण माझ्या तोंडातून आपोआप निघून गेलं, "गोडच आहे."

"काय बोललात?"

"गोड आहे. नुसतं गोड. रोज असतं तसंच."

दीपक काउंटरला टेकला. "रोज?"

मी पेला खाली ठेवला.

"पहिल्या दिवसापासून? मी रोज विचारत होतो तेव्हापासून?" त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मला अकरा चोरांपैकी एकानंही असं बघितलेलं आठवेना. "मग झकास कशाला बोलत होता?"

सांगायचं काय होतं? तुला पकडायचं होतं म्हणून? त्यानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती, जिभेला काय लागतंय ते. तीसुद्धा मी आठ दिवस दाबून ठेवली होती.

भरत खुर्ची तशीच हातात धरून उभा होता.

दीपक मात्र आता पेल्याकडं बघत होता. बोटांवर मोजत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "रम तुमची. लिंबू तुमचं. माप बरोबर. दोन पाय ठीक हायत. राहिला तिसरा." त्यानं पाकाची बाटली उचलली, उन्हात धरली, तिरकी केली. पाक काचेवरून आळसावून उतरत गेला. त्यानं एक थेंब अंगठ्यावर घेतला, तर्जनी टेकवली आणि उचलली. मध्ये बारीक तार ओढली गेली, तुटेचना.

"भरत, येसूबाईंना बोलव."

येसूबाई पदराला हात पुसत आल्या. पंचावन्नच्या असतील. मूळच्या पाचाडकडच्या, पंचक्रोशीतल्या लग्नांत लाडू वळायला त्यांनाच बोलावणं असतं. बारच्या खोलीत त्या सहसा पाऊल टाकत नाहीत. दारातच थांबल्या.

"मावशी, ह्या पाकाला पाणी किती घातलात?" दीपकनं विचारलं.

"पानी? गूळ विरघळंल इतकंच. मग आटवला. तार येईस्तोवर." त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "लाडवाला करतात तसा एकतारी. अगो बाई, बिघडलाय काय? मी दोनदा तार बघितली."

"एकतारी कुणी सांगितला?"

येसूबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत दोष नव्हता, नुसतं नवल होतं.

"सायबांनीच नाय का. खिडकीतनं बोलले, गुळाचा पाक करा, एकतारी. मी म्हटलं, बारात लाडू कशाला? पन मालक लोकांचं काय सांगावं."

मी आठवायचा प्रयत्न केला. जिन्यावर दीपक काय म्हणाला होता? एकास एक. एक वाटी गूळ, एक वाटी पाणी, विरघळला की झालं. आणि मी खिडकीपर्यंत जाईस्तोवर ते काय झालं? लहानपणापासून पाक म्हटलं की एकतारी नाहीतर दोनतारी, तिसरं कधी ऐकलंच नव्हतं. एकास एक माझ्या तोंडात शिरलं आणि एकतारी होऊन बाहेर पडलं. किचनचा पंखा घरघरत होता, येसूबाईंनी मान डोलावली, आणि मी कामगिरी फत्ते केल्यासारखा परत आलो होतो.

"आटवून अर्ध्यावर आलाय हा," दीपक म्हणाला. "तीस मिलीत जेवढं गोड पाहिजे त्याच्या जवळजवळ दुप्पट जातंय. मग रम लागणार कुठनं. रम हाय, पन दिसत नाय. लोकांना वाटतं शरबत, आन् पायरीवर आपटतात."

मला त्या कुंडीतल्या साहेबांची आठवण झाली. कुणी हसलं नाही.

दीपकनं येसूबाईंकडून पातेल्यात गरम पाणी मागवलं. एक वाटी पाकाला पाऊण वाटी पाणी घालून ढवळत राहिला. एवढ्यात माझा फोन वाजला. महिपतीशेठ.

"काय झालं? गेला का तो?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"नाही शेठ. चोरी नव्हती," मी म्हणालो. इथपर्यंत बरं होतं. मग माझी जीभ परत तिच्या जुन्या वाटेला गेली. "किचनमधून पाक चुकीचा आला होता."

शेठ म्हणाले, "येसूबाईंचं आता वय झालं." आणि फोन ठेवला.

येसूबाईंनी ऐकलं असणार. फोनचा आवाज मोठाच असतो माझा. रिकामं पातेलं उचललं, पोटाशी धरलं आणि दाराकडं वळल्या. दीपक ढवळायचा थांबला होता. भरत, जो आयुष्यात कधी मला उलटून बोलला नव्हता, तो हळूच म्हणाला, "साहेब, त्यांनी तर तार दोनदा बघितली."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. चोर पकडताना चोराची जी अवस्था होते ती मला माहीत होती. कान तापतात, तोंड कोरडं पडतं, आणि हात नको तिथं जातो. माझा हात खिशात गेला आणि मी परत फोन लावला.

"शेठ, मघाशी अर्धवट बोललो. येसूबाईंनी मी सांगितलं तसाच पाक केला. सांगतानाच माझं चुकलं. आणि ड्रिंक गोड लागतंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी दीपकला सांगितलं नाही."

शेठनी विचारलं, "का?"

"चोर पकडायचा होता."

"पकडलास की मग," शेठ म्हणाले आणि फोन बंद झाला.

येसूबाई दारात थबकल्या होत्या. त्या परत आल्या आणि पातेलं काउंटरवर ठेवलं.

दीपकनं नवा पेला बनवला. साठ, तीस आणि सैल केलेल्या पाकाचे तीस. बारा मोजून हलवलं, गाळलं. पेल्याला बाहेरून लगेच दव धरलं. आठ दिवसांची सवय होती, माझा हात आपसूक पुढं झाला.

पेला माझ्या हातावरून पुढं गेला.

"मावशी," दीपक म्हणाला, "प्यायचं नाय. नुसतं बोट बुडवा आणि जिभेला लावा. कसं लागतंय ते सांगा. खोटं नको, मला राग येणार नाय."

येसूबाई लाजल्या. इकडंतिकडं बघितलं. मग करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळे बारीक केले. परत बुडवली.

"आंबट आधी लागतंय," त्या म्हणाल्या. "गुळाची चव मागनं येते, जरा धुरकट. आन् मग घसा तापतो. पन लिंबू अजून रतीभर चालंल. आताची लिंबं पाणचट हायत."

दीपकनं वहीत काहीतरी लिहिलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशी माझ्या 'झकास'नं आलं होतं त्याहून वेगळं काहीतरी होतं. ह्या वेळी त्याला खरंच काहीतरी मिळालं होतं.

तो राहिला. का राहिला ते मी विचारलं नाही. आई वाडीत आहे, एवढं पुरेसं असावं. माझ्याशी तो नीट बोलतो. साहेब म्हणतो, सुट्टी हवी तर आधी सांगतो. कार्डावर आता पाच ड्रिंकं आहेत. गुळाचं आहे, ईडलिंबाचं आहे, घाटावरच्या मधाचं आहे. मध घट्ट म्हणून तोही पाण्यानं सैल करून घेतो. शनिवार-रविवारी टेबलं रिकामी नसतात. शेठ येतात, चार पाहुणे आणतात, दीपकची पाठ थोपटतात. रमच्या बाटलीवर मी रेघा मारत नाही. आमटीकडं मात्र अजून बघतो, ते काही जाणार नाही.

परवा तो नवीन काहीतरी करत होता. जिन, कागदी लिंबू आणि आल्याचा पाक. मी काउंटरशीच उभा होतो. त्यानं पेला बाजूला ठेवला आणि पुसायला फडकं घ्यायला वळला, तेवढ्यात मी घोट घेतला. मन लावून चाखलं. आलं, मग लिंबू, मग जिनचा तो रानटी वास. एकही पाय आखूड नव्हता. खरोखर, अगदी मनापासून सांगतो.

"दीपक," मी म्हणालो, "झकास झालंय."

"हो का साहेब," तो हसून म्हणाला, आणि किचनच्या दिशेनं हाक मारली, "मावशी, जरा येताय का?"